चिमणीची पिल्लं काय खातात?

तिसरी-चौथीच्या वर्गात अन्नसाखळी शिकवायची म्हटली की फळ्यावर एक ओळ उमटते: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मुलं ती वहीत उतरवून घेतात, मधले बाण काढतात आणि परीक्षेत बिनचूक लिहून येतात. मग त्यांना विचारावं, "आपल्या शाळेच्या आवारातल्या चिमण्या नाहीशा झाल्या तर काय होईल?" उत्तर येतं, "चिवचिव ऐकू येणार नाही." ते खोटं नाही. पण वहीतल्या ओळीचा आणि खिडकीतल्या चिमणीचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे त्या मुलांपर्यंत पोचलेलंच नसतं.

म्हणून मला वाटतं, हा धडा आधी तोंडी सांगावा. पुस्तक मिटून, मुलांना गोल बसवून, पाऊण तासात सांगून होईल एवढाच. 'उत्पादक', 'भक्षक' हे शब्द पुढच्या इयत्तांमध्ये भेटणारच आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलाला आधी कोण कोणाच्या पोटात गेलं ते कळू द्यावं. आणि सुरुवात गवतापासून करण्याऐवजी एका घरट्यापासून करावी. चिऊताई मुलांना शेणा-मेणाच्या घरांच्या गोष्टीपासून ओळखीची असते. घासही तिच्या नावाने भरवलेले असतात. तिच्या घरट्यात मात्र फारसं कोणी डोकावलेलं नसतं.

पहिला प्रश्न सोपा ठेवावा. "चिमणी काय खाते?" सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "दाणे!" तांदूळ, बाजरी, कण्या, पोळीचे तुकडे अशी यादी लांबत जाते. ती पूर्ण होऊ द्यावी. मग दुसरा प्रश्न टाकावा, "आणि तिचं नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू?" बहुतेक मुलं पुन्हा दाणेच म्हणतात. इथे थांबून सांगायचं, की नाही, पिल्लाला दाणा चालत नाही.

अंड्यातून बाहेर येतं तेव्हा चिमणीचं पिल्लू उघडंवाघडं आणि मिटल्या डोळ्यांचं असतं, वजन जेमतेम दोन-तीन ग्रॅम. साधारण दोन आठवड्यांत ते घरट्याबाहेर उडायला तयार होतं आणि तोवर त्याचं वजन जवळपास दहापट झालेलं असतं. एवढ्या थोड्या दिवसांत मांस भरायचं, हाडं वाढायची, अंगभर पिसं फुटायची, म्हणजे त्याला प्रथिनं भरपूर लागतात आणि पाणीही. कोरड्या, कडक दाण्यात ती सोय नाही. मऊ, रसाळ अळीत आहे. म्हणून एरवी दाणे टिपणारे चिमणा-चिमणी पिल्लं झाली की अळ्या, छोटे नाकतोडे, मावा, माश्या आणि कोळी शोधत हिंडतात. पिल्लू मोठं होत जातं तसतसे चोचीत दाणे यायला लागतात. पण पहिले काही दिवस किड्यांवाचून भागत नाही.

इथे मुलांकडून थोडं गणित करून घ्यावं. समजा, आई-बाबा मिळून तासाला १२ खेपा करतात, रोज दहा तास. दिवसाच्या १२० खेपा झाल्या. चौदा दिवसांच्या १,६८०. एका खेपेत एकच अळी आणली असं धरलं, तरी एका घरट्याला दीड हजारावर किडे लागले. हे आकडे गणितापुरते धरलेले आहेत, तसं मुलांना स्पष्ट सांगावं. खरा आकडा हवा असेल तर घरट्यापासून दहा-बारा पावलं लांब, हलू न देता अर्धा तास बसवावं आणि प्रत्येक खेपेला वहीवर एक रेघ ओढायला लावावी. चोचीत काय होतं, हिरवं लोंबणारं की काही बारीक, तेही डोळे तेज असलेली मुलं सांगतात. फार जवळ गेलं तर आई-बाबा घरट्यात शिरायला बिचकतात आणि पिल्लं उपाशी राहतात, एवढं आधी बजावलेलं असावं.

आता घरट्यापासून मागे जायचं. पिल्लाच्या पोटात अळी गेली. अळीच्या पोटात काय होतं? कोबीचं पान. कोबीने काय खाल्लं? इथे मुलं "माती" किंवा "खत" म्हणतात. मातीतून पाणी आणि क्षार मिळतात, पण आपलं अन्न कोबी स्वतःच उन्हाच्या जोरावर पाणी आणि हवेपासून बनवतो. मग पुढे जायचं: चिमणीला कोण खातं? मांजर, धामण, शिक्रा. आता वर्गाला एका दमात म्हणायला लावावं: ऊन कोबीत गेलं, कोबी अळीत गेला, अळी चिमणीत गेली, चिमणी शिक्र्यात गेली.

'गेलं' हे क्रियापद मुद्दाम निवडलेलं आहे. मुलं बाण काढताना हमखास उलटा काढतात, चिमणीकडून अळीकडे, कारण चिमणी अळीच्या मागे धावते असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. बाण मात्र अन्न ज्या दिशेने गेलं त्या दिशेचा असतो, अळीकडून चिमणीकडे. तोंडाने 'अळी चिमणीत गेली' असं चार वेळा म्हटलेलं मूल नंतर बाण चुकवत नाही.

ओळ पाठ झाली की मुलं तिला रांगेतल्या मुलांसारखी समजतात: एक कोबी, एक अळी, एक चिमणी, एक शिक्रा. हा समज काढला नाही तर पुढचं काहीच कळत नाही. त्यासाठी ज्वारीचे शंभर दाणे पुरतात. एका मुलाला कोबी करावं आणि शंभर दाणे त्याच्या ओंजळीत द्यावेत. अळी झालेल्या मुलीने ते सगळे घ्यायचे, पण स्वतःजवळ फक्त दहा ठेवायचे, नव्वद बाजूला ताटलीत टाकायचे. चिमणीने ते दहा घ्यायचे आणि एकच ठेवायचा. "बाकीचे कुठे गेले?" हा प्रश्न मुलंच विचारतात. अळी चालली, तिने श्वास घेतला, तिची विष्ठा पडली, त्यात गेले. चिमणी उडाली, तिने अंग उबदार ठेवलं, त्यात गेले. खाल्लेल्यातला फक्त थोडा भाग शरीर होऊन राहतो आणि पुढच्याला तेवढाच मिळतो. दहातला एक हे प्रमाण ढोबळ आहे. पक्ष्यांच्या बाबतीत तर राहणारा वाटा त्याहूनही कमी असतो, कारण उडण्यात आणि अंग गरम ठेवण्यातच त्यांचं बरंचसं खाणं खर्ची पडतं. पण मुलांना हे प्रमाण पुरेसं आहे.

आता शिक्रा पुढे येतो. त्याला एक दाणा शरीरात ठेवायचा तर किती चिमण्या हव्यात? दहा. त्या दहा चिमण्यांना किती अळ्या लागतील आणि त्या अळ्यांना किती कोबी, हे मुलं बोटांवर मोजत नेतात आणि हजार दाण्यांवर येऊन पोचतात. गावात चिमण्या थव्याने असतात आणि शिक्रा मात्र एखादाच दिसतो, याचं कारण त्यांच्या हातात असतं. साखळी वर निमुळती होत जाते. म्हणून मधली कडी थोडी जरी झिजली तरी वरच्याला आधी उपास घडतो.

यानंतर मूळ प्रश्नाकडे यावं. चिमणी झालेल्या मुलीला उठवून बाजूला बसवावं. आता काय होईल? वर्ग एकदम म्हणतो, "अळ्या वाढतील, कोबी संपेल!" बरेच शिक्षक इथे "शाब्बास" म्हणून धडा संपवतात. मला हीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण उत्तर अर्धंच बरोबर आहे. पुढे विचारावं, "अळी फक्त चिमणीच खाते का?" मुलं विचार करू लागतात. साळुंकी खाते, बुलबुल खातो, वटवट्या खातो, कोळी खातो. एक बारीक गांधीलमाशी तर अळीच्या अंगातच अंडी घालते आणि तिची पिल्लं अळीला आतून खातात. हे ऐकून वर्ग "ई" करतो आणि ते कधीच विसरत नाही. एकेक नाव आलं की एकेका मुलाला अळीभोवती उभं करावं. आता सरळ ओळ उरत नाही, जाळं तयार होतं. एकटी चिमणी गेली तर तिच्या वाटच्या काही अळ्या साळुंकी खाईल, काही कोळी खाईल. जाळं थोडं सैल होईल, फाटणार नाही. चिमणीबरोबर साळुंकी, कोळी, गांधीलमाशी असे एकेक जण बसू लागले की मात्र अळी मोकळी सुटते. शिक्र्याचंही तसंच. तो सरडे, उंदीर, खारीची पिल्लं खाऊन तग धरेल. पण तीही कमी असतील तर?

हे नीट सांगितलं नाही तर मुलं दोनपैकी एका चुकीच्या टोकाला जातात. एकतर त्यांना वाटतं चिमणी गेली की उद्या दुष्काळ, किंवा मोठेपणी कोणी समजावतं की एक पक्षी गेल्याने काही बिघडत नाही, आणि ते त्यालाही मान डोलावतात.

चिमण्या खरोखर हटवल्या तर काय होतं, हे एका देशाने पाहिलं आहे. ती गोष्ट मुलांना जरूर सांगावी. १९५८ साली चीनमध्ये सरकारने चार उपद्रवी प्राण्यांविरुद्ध मोहीम काढली: उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या. चिमण्या शेतातलं धान्य खातात, असा त्यांच्यावरचा आरोप होता. ही आपल्या घरातली चिमणी नव्हे, तिची जवळची नातलग, झाडचिमणी. लोक घरांच्या छपरांवर आणि रस्त्यांवर उतरले, थाळ्या, डबे, ढोल बडवू लागले, झेंडे हलवू लागले. चिमण्यांना कुठे टेकूच द्यायचं नाही, म्हणजे त्या उडून उडून दमून खाली पडतात. घरटी मोडली, अंडी फोडली. शाळेतली मुलंही या कामाला लावली होती.

चंग त्सो-शिन नावाच्या चिनी पक्षिशास्त्रज्ञाने शेकडो चिमण्यांची पोटं तपासून पाहिली होती. थंडीच्या दिवसांत त्यांच्या पोटात दाणे सापडत होते. पिल्लांच्या हंगामात मात्र किडे. म्हणजे आपल्या वर्गाने घरट्यापाशी बसून जे पाहिलं, तेच त्यांना पोटांमध्ये सापडलं. चिमणी काय खाते, या प्रश्नाला वर्षाच्या कोणत्या महिन्यात विचारता त्यावर उत्तर अवलंबून आहे. मोहीम काढणाऱ्यांनी तिला फक्त सुगीत, खळ्यावर पाहिलं होतं. अखेर १९६० मध्ये चिमणीचं नाव त्या यादीतून काढलं आणि तिच्या जागी ढेकूण घातला.

त्याच वर्षांत चीनमध्ये भयंकर दुष्काळ पडला, कोट्यवधी माणसं मेली. ही गोष्ट सांगताना पुष्कळ जण चिमण्या मारल्या म्हणून दुष्काळ पडला, असं एका वाक्यात उरकतात. ते खरं नाही. शेतकऱ्यांकडून सक्तीने उचललेलं धान्य, शेतं सोडून लोखंड गाळायला लावलेली माणसं, वर पाठवलेले पिकांचे फुगवलेले आकडे ही मोठी कारणं होती. चिमण्यांविना वाढलेल्या किडीने त्यात भर घातली. आठ वर्षांच्या मुलाला एवढं राजकारण सांगायची गरज नाही. "धान्य कमी पडायची मोठी कारणं माणसांनीच केली होती, त्यात किडीची भर पडली," एवढं वाक्य पुरतं. पण ते सांगावं.

आपल्याकडे चिमण्यांचं काय झालं, हा प्रश्न यानंतर आपसूक येतो. इथेही मुलांना रडवेली गोष्ट न सांगता खरी सांगावी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यानुसार सगळ्या देशाचा विचार करता चिमण्यांची संख्या पंचवीसेक वर्षांत साधारण टिकून आहे. मुंबईसारख्या मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे. मोबाईलच्या टॉवरमुळे चिमण्या गेल्या, असं सर्रास ऐकू येतं. त्याला ठोस पुरावा मिळालेला नाही. दिसतात ती कारणं दोन आहेत. वाड्यांच्या वळचणी, कौलांखालच्या फटी, भिंतीतली भोकं, फोटोंच्या मागच्या जागा गेल्या आणि काच-सिमेंटच्या इमारतीत घरटं बांधायला काही उरलं नाही. दुसरं कारण साखळीतच आहे: शहरात किडे कमी झाले. इंग्लंडमध्ये लेस्टर शहराच्या घरट्यांचा अभ्यास झाला, तेव्हा किडे पुरेसे न मिळालेली पिल्लं घरट्यातच उपाशी मरत असल्याचं आढळलं. मोठ्या चिमण्यांना शहरात खायला होतं, पिल्लांना नव्हतं.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात. त्या दिवशी शाळांमधून लाकडी घरटी टांगली जातात, वाटीत तांदूळ ठेवतात. घरट्यांनी पहिली अडचण थोडी सुटते. तांदळाने मोठ्या चिमणीचं पोट भरतं. पिल्लाचं पोट भरायला शाळेभोवती देशी झुडपं, गवत, थोडी न फवारलेली भाजी हवी, जिथे अळ्या होतील. अळीने खाल्लेली चार पानं शाळेच्या बागेत दिसली तर माळीकाकांनी ती तोडून टाकू नयेत, हे मुलांनी त्यांना समजावून सांगितलेलं मी पाहिलं आहे.

मधमाशीचा भाग मी वेगळ्या दिवशी घ्यावा असं म्हणेन, कारण तिची कडी निराळ्या जातीची आहे. मुलांना विचारलं, "मधमाशी साखळीत कुठे बसते?" तर ती म्हणतात, "फुलानंतर." फुलातला मध आणि पराग ती खाते, तिला वेडा राघू आणि कोतवाल खातात, म्हणजे अशी एक साखळी आहेच. पण मधमाश्या गेल्याने जे मोठं नुकसान होतं ते तिला खाणाऱ्यांचं नव्हे. तिच्यावाचून फळच धरत नाही, आणि ते फळ खाणाऱ्या सगळ्यांचं नुकसान होतं. ती भोपळा खात नाही, तरी तिच्याशिवाय भोपळा नाही. हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं.

त्यासाठी लाल भोपळ्याचा वेल सगळ्यात चांगला. पावसाळ्यात शाळेच्या परसबागेत तो सहज येतो, फुलं मोठी पिवळी असतात आणि पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतात, म्हणजे शाळेच्या वेळेत कारभार आटोपतो. दुधी घेऊ नये. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्याकडे रात्रीचे पतंगही येतात, मग प्रयोग फसतो. भोपळ्याच्या वेलावर दोन प्रकारची फुलं असतात. लांब, बारीक देठावर नुसतं फूल असेल तर ते नर. फुलाच्या खाली सुपारीएवढा इवलासा भोपळा आधीच दिसत असेल तर ते मादी. मुलं हे एकदा पाहिल्यावर वेलीवरची सगळी फुलं ओळखत सुटतात. नर फुलातला पिवळा, चिकट पराग मादी फुलाच्या मध्यापर्यंत पोचला तरच तो इवलासा भोपळा वाढतो. पराग जड असल्यामुळे वाऱ्याने उडत नाही. कोणीतरी अंगाला माखून न्यावा लागतो.

उद्या उमलतील अशा तीन मादी कळ्या संध्याकाळी हेरून ठेवाव्यात. टोकाला पिवळेपणा आलेली, घट्ट मिटलेली कळी दुसऱ्या दिवशी उमलते. पहिल्या कळीला नुसता रंगीत दोरा बांधावा, तिच्यावर मधमाश्या येऊ द्याव्यात. दुसरीवर मलमलच्या कापडाची सैलसर पिशवी चढवून तोंड हलकेच बांधावं. तिसरीवरही तशीच पिशवी, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत ती काढून नर फुलाच्या पाकळ्या खुडून उरलेला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हळूच फिरवावा आणि पिशवी पुन्हा बांधावी. पिशव्या फूल कोमेजेपर्यंत ठेवायच्या, मग काढायच्या. पाचेक दिवसांत निकाल दिसतो. दोऱ्याचा भोपळा हिरवागार फुगलेला असतो. हाताने पराग लावलेलाही बहुतेक धरतो. दुसऱ्या पिशवीतला मात्र पिवळा पडून आक्रसतो आणि गळतो. पाणी तेच, ऊन तेच, वेल तोच.

कधी दोऱ्याचंही फूल गळतं. सकाळी जोराचा पाऊस असला की मधमाश्या बाहेर पडत नाहीत. वेलीवर आधीच दोन-तीन भोपळे पोसत असले तर ती नवं फळ सोडून देते. म्हणून प्रत्येक प्रकारची एकच कळी न घेता, वेल मोठा असेल तर तीन-तीन घ्याव्यात. पराग थोडाच पोचला तर फळ वाकडं किंवा एका बाजूने बसकं होतं. काकडीत हे नेहमी दिसतं. बाजारातली एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला सुरकुतलेली काकडी मुलांना दाखवून विचारावं, हिच्या फुलावर किती माश्या आल्या असतील?

दोऱ्याच्या फुलाजवळ बसलं तर मुलांना आणखी एक गोष्ट दिसते. येणाऱ्या सगळ्या मधाच्या माश्या नसतात. डोंगरात, झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी येते, उंच कड्यावर मोहोळ करणारी आग्या येते, झुडपात छोटं पोळं लावणारी फुलोरी येते, न चावणारी इवलीशी पोयाची माशी येते आणि काळा भुंगाही येतो. म्हणजे इथेही जाळंच आहे.

मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल, असं आइनस्टाइन म्हणाले होते, हे वाक्य शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. त्यांनी ते कुठे म्हटलं किंवा लिहिलं याचा कसलाही पुरावा नाही, आणि ते खरंही नाही. मुलांना घाबरवण्यापेक्षा त्यांचे डबे उघडायला लावावेत. भाकरी राहील: ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांना मधमाशी लागत नाही, वारा किंवा फूल आपलं आपणच काम उरकतं. पण भोपळा, कारलं, दोडका, काकडी, कलिंगड यांना ती लागतेच. सूर्यफुलाचं तेल, डाळिंब यांचं उत्पन्न तिच्यावाचून घटतं. कांदा जमिनीत वाढतो, त्याला मधमाशी नको. पण पुढच्या वर्षी कांदा लावायचा तर बी हवं, आणि बी धरतं कांद्याच्या गोंड्यावर.

गोंड्याची ही गोष्ट आपल्या नाशिक-नगरकडच्या मुलांना घरूनच माहीत असते. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला उभ्या दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे येतात. फुलोऱ्याच्या दिवसांत फुलकिड्यांसाठी औषध मारलं की शेतातल्या मधमाश्या मरतात किंवा यायच्या थांबतात. गोंडे वरून भरलेले दिसतात, पण चोळून पाहिले तर निम्मे पोकळ. म्हणून जाणते बियाणेवाले फुलोऱ्यात फवारणी टाळतात, टाळता येत नसेल तर मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी करतात आणि शेतात पेट्या आणून ठेवतात. चिमणीचा धडा आणि मधमाशीचा धडा या शेतात एकमेकांना मिळतात. ज्या फवाऱ्याने गोंडा पोकळ राहिला, त्यानेच बांधावरच्या अळ्या मेल्या आणि त्या अळ्यांवर वाढायची होती ती पिल्लं वळचणीत उपाशी राहिली. किडा ही दोन्ही गोष्टींतली समाईक कडी आहे.

धडा समजला की नाही, हे तपासायला वर्गात न आलेला प्राणी घ्यावा. मी बेडूक घेते. "आपल्या भातखाचरातले बेडूक कमी झाले तर काय होईल?" ज्या मुलाला धडा पाठ झाला आहे ते लगेच म्हणतं, "किडे वाढतील." ज्याला समजला आहे ते आधी उलट विचारतं: बेडूक लहान असताना काय खातो, मोठा झाल्यावर काय खातो, त्याला कोण खातं, आणि तेच किडे आणखी कोण खातं? हे चार प्रश्न आले की पुढचं उत्तर मुलांनीच शोधावं. बेडकाचं पिल्लू पाण्यात शेवाळ कुरतडतं आणि मोठा बेडूक किडे खातो, हे त्यांना खाचराच्या कडेला उकिडवं बसल्यावर दिसतं.